केक, कुकीज आणि पीठ आधी करून ठेवायचं असेल तर पाण्यावर लक्ष ठेवा

प्रश्न: ताई, मी नोकरी सांभाळून घरून केकच्या ऑर्डर घेते, बहुतेक सगळ्या शनिवार-रविवारच्या. आदल्या दिवशी स्पंज करून फ्रीजमध्ये ठेवला की कडक होतो. एकदा फ्रीझरमध्ये ठेवून बघितला तर बाहेर काढल्यावर वरून चिकट झाला आणि क्रीम घसरलं. नानकटाई डब्यात दोन दिवसांत मऊ पडते. आठवड्यात थोडं थोडं करून ठेवता येईल का? काय फ्रीझ करायचं, काय नाही, आणि बाहेर कसं काढायचं?

उत्तर:

अगं, तुझ्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ एकच आहे, पाणी. केकमधलं पाणी कुठे जातंय, बाहेरचं पाणी कुठून आत येतंय, एवढं बघायची सवय लागली की कुठली वस्तू कुठे ठेवायची हे आपोआप कळायला लागतं. मी चौदा वर्षं घरून बेकिंग करतेय, आणि तुझी ती क्रीम घसरायची गोष्ट माझ्याकडेही झालीय, ऐन जुलैत, दीड किलोचा केक, गिऱ्हाईक दारात उभं. त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

आधी फ्रीजचं. आपल्याला वाटतं केक कडक झाला म्हणजे सुकला. पण तू स्पंज नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलास तरी तो कडक होतोच, म्हणजे पाणी उडून गेलेलं नसतानाही होतो. कारण असं की बेक करताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, आणि केक गार झाला की तोच स्टार्च हळूहळू परत घट्ट बसायला लागतो. हे बसणं फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे साधारण 4 डिग्रीला, सगळ्यात जोरात चालतं. ओट्यावर ठेवलेल्या केकपेक्षा फ्रीजमधला केक लवकर शिळा लागतो तो यामुळेच. फ्रीझरमध्ये उणे 18 ला मात्र पाणीच गोठून जातं, कोणाला हलायला जागा उरत नाही, त्यामुळे ही शिळं होण्याची क्रिया जवळपास थांबते. फ्रीज आणि फ्रीझर हे एकाच गोष्टीचे कमी-जास्त प्रकार आहेत असं समजू नकोस, केकच्या बाबतीत दोघं अगदी उलट वागतात.

खात्री करून घ्यायची असेल तर फ्रीजमधल्या कडक स्पंजचा तुकडा 10 सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरव, लगेच मऊ होईल. सुकलेला असता तर झाला नसता. पण हा मऊपणा पाचदहा मिनिटांचाच असतो, गार झाला की आधीपेक्षा वाईट, त्यामुळे गिऱ्हाइकाला द्यायच्या केकवर हा प्रयोग नको, घरच्या चहाबरोबर ठीक.

दुसरं कारण बटर. बटर फ्रीजमध्ये दगड होतं, तेल होत नाही. म्हणून माझा साधा नियम आहे, क्रीमचा केक असेल, जो फ्रीजमध्येच राहणार आणि लोक फ्रीजमधून काढून तसाच कापणार, त्याला तेलाचा स्पंज. बटरचा केक मी फक्त ड्राय केक, टी-टाइम केक, मावा केक यांच्यासाठी ठेवते जे बाहेरच्या तापमानाला खाल्ले जातात. नुसत्या या एका बदलाने तुझी अर्धी तक्रार मिटेल बघ.

आता स्पंज फ्रीझ करणं. केक ओव्हनमधून काढला की दहा मिनिटांनी टिनमधून बाहेर, जाळीवर, आणि पूर्ण गार होऊ दे. पूर्ण म्हणजे तळाला मधोमध हात लावला तरी कोमट लागता कामा नये, सात इंची केकला आपल्याकडच्या हवेत दीडदोन तास आरामात लागतात. घाई करून कोमट गुंडाळलास तर आतली वाफ प्लास्टिकला चिकटून पाणी होणार, ते गोठून बर्फ होणार, आणि बाहेर काढल्यावर तोच बर्फ वितळून केकची साल चिकट करणार. उलट गार झाल्यावर उघडा रात्रभर ठेवलास तर सुकणार. म्हणजे गार झाला की लगेच गुंडाळायचा. क्लिंग फिल्म दोनदा, अंगाला घट्ट, मध्ये हवा राहू न देता, मग त्यावर अॅल्युमिनियम फॉइल किंवा सरळ मोठी झिप लॉक पिशवी. मी दोन्ही करते कारण आमच्या फ्रीझरमध्ये बोंबील असतात आणि केकमधलं फॅट वास पटकन ओढून घेतं. व्हॅनिला स्पंजला सुकटीचा वास लागला तर काही इलाज नाही गं. वर मास्किंग टेपची पट्टी लावून तारीख आणि फ्लेवर लिही, तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या गठ्ठ्यात काय आहे ते आठवत नाही. आणि पहिले दोनतीन तास, टणक होईपर्यंत, केक सपाट जागी ठेव. मटारच्या पिशवीवर तिरका ठेवला तर तसाच तिरका गोठतो.

किती दिवस? माझ्या हिशेबाने एक महिना उत्तम, दोन महिने चालतो, त्यापुढे खराब होत नाही पण चव पडते. मात्र हे डबल डोअर, वेगळा फ्रीझर असलेल्या फ्रीजचं. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्यात बहुतेक वेळा उणे 18 मिळत नाही, दार उघडलं की सगळाच फ्रीज उघडतो. सोपी परीक्षा म्हणजे आइस्क्रीमचा डबा, त्यात चमचा सहज रुतत असेल तर तुझा फ्रीझर केकसाठी पुरेसा गार नाही, तिथे चारपाच दिवसांच्या वर ठेवू नकोस. थर्मामीटर आणलास तर फारच छान.

फ्रीझरमध्येही पाणी थोडं थोडं पळतच असतं. बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये तो आपोआप डीफ्रॉस्ट होतो म्हणजे मध्ये मध्ये थोडी ऊब येते, परत थंडी, आणि प्रत्येक वेळी केकमधलं थोडं पाणी बाहेर निघून पिशवीत बर्फाच्या चुऱ्यासारखं जमतं. पिशवीत आत असा चुरा दिसला तर समज की तेवढं पाणी केकमधून गेलं. कडांना पांढुरके कोरडे डाग दिसले तर तो भाग कापून टाक आणि बाकीच्या थरांना सिरप जरा जास्त लाव. खायला धोका नसतो, नुसता भुसा लागतो.

आणि आता तुझं क्रीम का घसरलं ते. पावसाळ्यात फ्रीजमधली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिला कसा घाम फुटतो, तसाच घाम गोठलेल्या केकला फुटतो. हवेतलं पाणी थंड वस्तूवर जाऊन बसतं. तू क्लिंग काढून केक बाहेर ठेवला असणार, म्हणजे तो सगळा घाम स्पंजच्या अंगावर. साल ओली झाली, त्यावर क्रीम धरलं नाही, घसरलं. म्हणून केक कधीही गुंडाळलेलाच ठेवून वितळवायचा. मग घाम प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला येतो, तो कापडाने पुसायचा आणि मगच उघडायचं. एवढं एकच पाळलंस तरी चिकटपणा जाईल.

वितळवायचा कुठे हा प्रश्न राहतो. नुसता स्पंज, ज्यात क्रीम नाही, मावा नाही, तो ओट्यावर गुंडाळलेला ठेवला तरी चालतो, सात इंची साधारण दीड ते दोन तास. लोक सांगतात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळव, ते चुकीचं नाही, पण नुसत्या स्पंजला त्याची गरज नाही, उलट जितका जास्त वेळ तो त्या 4 डिग्रीत राहील तितका कडक व्हायला लागेल. क्रीम किंवा चीज घातलेली वस्तू मात्र फ्रीजमध्येच वितळवायची, आपल्याकडच्या 30 डिग्रीत दुधाची वस्तू तासन् तास ओट्यावर ठेवणं म्हणजे पोट बिघडायला आमंत्रण.

माझा शनिवारचा केक कसा होतो ते सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. समज शनिवारी संध्याकाळी दीड किलोचा चॉकलेट ट्रफल द्यायचाय. बुधवारी रात्री जेवणं झाली की दोन सात इंची स्पंज ओव्हनला, तेलाचे. अकराच्या सुमाराला गार झाले की गुंडाळून फ्रीझरमध्ये आणि मी झोपायला. गुरुवारी काही नाही, फार तर गनाश करून हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये. ट्रफल नसून व्हिपिंग क्रीमचा केक असेल तर गुरुवारी रात्री क्रीमचा गोठलेला कार्टन फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये आणते, तो ओट्यावर वितळवला की नीट फेटला जात नाही आणि एकदा वितळला की परत गोठवायचा नाही. शुक्रवारी ऑफिसातून आले की आधी स्पंज बाहेर, गुंडाळलेलेच, आणि गनाशही बाहेर. स्वयंपाक होईपर्यंत तासभर जातो, तेव्हा स्पंज बाहेरून मऊ आणि मध्यभागी अजून थोडा टणक असतो. हीच वेळ कापायची! अर्धवट गोठलेला स्पंज सुरीने इतका स्वच्छ कापला जातो की चुरा पडत नाही, वरचा घुमट सपाट करायचा, प्रत्येकाचे दोन थर करायचे. मग अर्धा तास थरांवर क्लिंग टाकून ठेवते, कारण पूर्ण गोठलेल्या थरावर सिरप लावलं तर ते आत जात नाही, वरच बसतं. थर बोटाने दाबून बघायचा, मध्यभागी टणक लागला नाही की सिरप, गनाश, पुढचा थर. बाहेरून पहिला पातळ हात देऊन 20 मिनिटं फ्रीझरमध्ये, मग शेवटचा हात. रात्रभर फ्रीजमध्ये, खोक्यात, उघडा नाही. शनिवारी सकाळी फक्त सजावट.

तू म्हणशील मग सिरप लावलेला केक रात्रभर फ्रीजमध्ये कडक नाही का होत. होतो थोडा, पण स्पंज तेलाचा आहे, सिरपने ओला आहे आणि बाहेरून गनाशने बंद आहे, त्यामुळे एका रात्रीत जाणवत नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं की कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. तीन दिवस ठेवला तर मात्र जाणवेल.

सजवलेला पूर्ण केक फ्रीझ करायचा का? गनाश आणि बटरक्रीम चालतं, आधी उघडा टणक होऊ द्यायचा म्हणजे डिझाइन दबत नाही, मग गुंडाळायचा. फ्रेश फ्रूटचा मात्र कधीच नाही. अननस, स्ट्रॉबेरी, आंबा यांच्या पेशींमध्ये पाणी असतं, ते गोठताना फुगून पेशी फोडतं आणि वितळलं की फळ लोळागोळा होऊन सगळं पाणी क्रीममध्ये. दुधाचं पातळ क्रीम, घरी फेटलेलं, तेही पाणी सोडतं. अंड्याचं कस्टर्ड, जेलीचं ग्लेझ, यांचीही तीच गत. फाँडंट पावसाळ्यात फ्रीझरमधून काढलास तर चिकट होऊन रंग ओघळतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

नानकटाईचा प्रश्न याच्या बरोब्बर उलटा. केकला आपल्याला आतलं पाणी टिकवायचंय, नानकटाईत पाणी जवळजवळ नाहीच आणि बाहेरचं येऊ द्यायचं नाही. ती खुसखुशीत असते ती कोरडी आहे म्हणून, साखर आणि मैदा दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि डोंबिवलीच्या ऑगस्टात हवेत पाण्याला तोटा नाही. तुझी दोन दिवसांत मऊ पडते याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे कोमट असतानाच डब्यात भरतेस, तिचीच वाफ तिलाच लागते. दुसरं म्हणजे एकाच डब्यात केकचे तुकडे किंवा मऊ कुकीज पण ठेवतेस. बंद डब्यात ओल्या वस्तूतलं पाणी कोरड्या वस्तूकडे जातं, केक सुकतो आणि नानकटाई मऊ पडते, दोन्हीकडून नुकसान. (मऊ, चिवट कुकीज कडक झाल्या की डब्यात ब्रेडचा तुकडा ठेवतात ना, ती हीच गंमत, फक्त आपल्या सोयीची.)

तर नानकटाई काढली की ट्रेवरच ठेव, गरम असताना ती मऊच असते, हात लावायचा नाही. पूर्ण गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि मोठ्या एका डब्यापेक्षा दोनतीन छोटे, कारण दर वेळी डबा उघडला की नवी दमट हवा आत जाते. मऊ पडलीच तर फेकू नकोस, ओव्हन 150 ला गरम करून पाचसहा मिनिटं ठेव, परत गार कर, आधीसारखी होते. हा उपाय एकदाच, दुसऱ्यांदा तुपाचा खमंगपणा जाऊन जळका वास येतो. भाजलेली नानकटाई फ्रीझ करता येते पण मला पटत नाही, जागा फार खाते आणि चुरा होतो. त्यापेक्षा कच्चं पीठ फ्रीझ करणं कधीही चांगलं.

आणि नोकरी करणाऱ्या बाईला खरा आधार हे कच्चं पीठच आहे. दिवाळीला माझ्याकडे कुकीजच्या ऑर्डर येतात त्या मी एका दिवसात करूच शकले नसते. चॉकलेट चिप कुकीचं पीठ झालं की 40 ग्रॅमचे गोळे, हाताने किंचित चपटे करून (गोल ठेवलेस तर गोठलेला गोळा पसरत नाही, वरून भाजतो आणि मध्ये उंचवटा राहतो), ताटलीत बटर पेपरवर एकमेकांना न चिकटता, फ्रीझरमध्ये तासदीड तास. टणक झाले की सगळे एका झिप लॉकमध्ये, हवा दाबून काढून. हा ताटलीचा टप्पा गाळलास तर सगळ्यांचा मिळून एकच धोंडा होतो आणि मग बत्ता घेऊन बसावं लागतं. दोन महिने निवांत राहतात. भाजताना वितळवायची गरज नाही, सरळ ट्रेवर, एरवी 180 ला करत असशील तर 170 ला, दोनतीन मिनिटं जास्त. उलट गोठलेल्या असल्यामुळे कमी पसरतात आणि जाड राहतात.

नानकटाईत जरा वेगळं आहे. तिच्यात बटरऐवजी तूप, आणि गोठलेलं तूप फार टणक. पीठ गोळा करून तसंच फ्रीझरमध्ये टाकलंस तर नंतर वळताच येत नाही, हाताखाली भुगा होतो. म्हणून आधी वळायची, वर पिस्ता किंवा वेलची जे लावायचं ते लावून टाकायचं, आणि मग ताटलीवर गोठवायची. भाजायच्या आधी ट्रेवर लावून झाकून 15-20 मिनिटं बाहेर ठेवायची, नाहीतर कडा लाल आणि मध्यभागी कच्ची राहते. वरच्या भेगा थोड्या कमी पडतात, चवीत फरक नाही. पहिल्या वेळी दोनच नग भाजून बघ, प्रत्येकीचा ओटीजी वेगळा.

पण कुकीचं पीठ राहतं म्हणून केकचं बॅटर ठेवायला जाऊ नकोस, विशेषतः एगलेसचं. दही आणि खायचा सोडा, किंवा व्हिनेगर आणि सोडा, हे एकत्र आले की त्याच क्षणी गॅस सुटायला लागतो, बुडबुडे दिसतात ना, तेच तुझा केक फुगवणार असतात. तासभर ठेवलंस तर ते निघून गेलेले असतात आणि केक खाली बसलेला, चिकट होतो. अंडी फेटून केलेल्या स्पंजचंही तसंच, त्यातली हवा टिकत नाही. कुकीच्या घट्ट पिठात पाणी कमी असल्याने सोडा गप्प बसतो, म्हणून तिथे चालतं. वेळ वाचवायचा असेल तर बॅटर नको, कोरडं साहित्य मोजून चाळून पिशव्या भरून ठेव, रात्री फक्त ओलं मिसळायचं आणि ओव्हनला. पावाच्या, बनच्या पिठात यीस्ट असतं, त्यातलं काही गोठून मरतं, ते फ्रीझ केलंस तर फुगायला जास्त वेळ दे आणि दोनतीन आठवड्यांच्या आत वापर.

लाइट गेली तर? फ्रीझरचं दार उघडायचं नाही, भरलेला फ्रीझर बऱ्यापैकी वेळ थंडी धरतो. नंतर नुसता स्पंज हाताने दाबून बघायचा, पूर्ण मऊ झाला असेल तर त्या एकदोन दिवसांत वापरून टाक, परत गोठवू नकोस, एकदा वितळून परत गोठवला की बर्फाचे कण मोठे होतात आणि स्पंज दाणेदार, कोरडा होतो. कुकीचे गोळे मऊ पडले पण अजून गार असतील तर सरळ त्याच रात्री भाजून टाकायचे. क्रीमचं काही असेल आणि कोमट झालं असेल तर मात्र जीव अडकवू नकोस, टाकून दे.

पुढच्या शनिवारची ऑर्डर कुठली आहे ते कळव, आणि तुझा फ्रीज सिंगल डोअर आहे की डबल तेही सांग, त्यावर बुधवारी करायचं की गुरुवारी ते ठरवू.